ट्रॅक्टरच्या नोटेचे पाच लाख: मराठी बातम्यांच्या वेबसाइट चालवणाऱ्या संपादकांना खुलं पत्र

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकचा. एका बँकेत एकतीस वर्षं कॅशियर होतो, आता निवृत्त आहे. नोटांचा कारखाना आमच्याच नाशिकरोडला, त्यामुळे नोटांचं कौतुक आम्हाला लहानपणापासून. नोकरीत असताना जुनी नाणी जमवायचा नाद लागला आणि तो अजून सुटलेला नाही. गल्लीत, नात्यात, देवळाच्या पारावर सगळ्यांना हे माहीत आहे, म्हणून कुणाच्या ट्रंकेत जुनं नाणं सापडलं की ते माझ्याकडे येतं. पूर्वी लोक विचारायचे, "हे कुठल्या राजाचं हो?" गेल्या काही वर्षांत प्रश्न बदलला आहे. आता विचारतात, "याचे किती लाख येतील?" हा दुसरा प्रश्न त्यांना कुणी शिकवला, याबद्दल हे पत्र आहे.

आमच्या गल्लीत एक शिंपी आहेत. वय सत्तरीला टेकलेलं. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. मागच्या वर्षी पावसाळ्यात एका दुपारी ते आले आणि मोबाइल माझ्या हातात देऊन काही न बोलता समोर बसून राहिले. मोबाइलवर व्हॉट्सअॅपचं संभाषण उघडं होतं. ते मी वरपासून खालपर्यंत वाचलं. अकरा दिवसांत मामांचे बासष्ट हजार रुपये गेले होते.

सुरुवात बातमीपासून झाली होती. मराठी बातमी, मराठी वेबसाइट. मथळा साधारण असा, की तुमच्याकडे ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट असेल तर घरबसल्या लाखो कमवा. आत सहा-सात ओळी. नोटेवर ७८६ हा आकडा हवा, जुन्या वस्तूंना परदेशात मोठी मागणी आहे, अमुक प्रकारच्या वेबसाइटवर जा, विक्रेता म्हणून नोंदणी करा, नोटेचा फोटो टाका, इच्छुक ग्राहक तुम्हाला स्वतः फोन करतील. नातवाने ती बातमी मामांना वाचून दाखवली. मामांच्या पेटीत ट्रॅक्टरची नोट होती, ७८६ ची दहाची नोट होती आणि वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणंही होतं. नातवाने पुढे शोधलं, एक व्हिडिओ सापडला, व्हिडिओखाली नंबर होता. त्या नंबरावर तीन फोटो गेले.

दहा मिनिटांत उत्तर आलं. तिन्ही मिळून अठ्ठावीस लाख पन्नास हजार.

मी कॅशियर आहे, त्यामुळे त्या संभाषणात माझी नजर आधी आकड्यांवर गेली. पहिली मागणी आठशे पन्नास रुपयांची, नाव 'नोंदणी फी', आणि ती नंतर परत मिळणार असं लेखी आश्वासन. आठशे पन्नास ही रक्कम विचार करून ठरवलेली असते. शिंप्याला ती दोन ब्लाउजांची शिलाई वाटते. घरात कुणाला न विचारता देता येते, आणि गेली तरी पोलिसांत जावं असं वाटत नाही. पैसे गेल्यावर तासाभरात एक प्रमाणपत्र आलं. वर तीन सिंहांची राजमुद्रा, बाजूला रिझर्व्ह बँकेचं चिन्ह, मध्ये मामांचा फोटो, खाली गोल शिक्का. त्यासाठी आधार कार्ड आणि पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मागून घेतला होता. मामा म्हणाले, "माझं नाव एवढ्या सुंदर अक्षरात कधी कुणी लिहिलं नव्हतं." मला तेव्हा हसावं की काय करावं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी जीएसटीचे पाच हजार एकशे पन्नास. तिसऱ्या दिवशी 'मॅनेजर साहेबां'चं ओळखपत्र आणि एक व्हिडिओ. व्हिडिओत पाचशेच्या नोटांच्या थप्प्या, एका पेटीत रचलेल्या, आणि आवाज, "मामाजी, ये आपका पेमेंट है." मग रिझर्व्ह बँकेच्या ना-हरकत पत्राचे बारा हजार पाचशे. मग गाडी निघाली. गाडीला जीपीएस लागतं, रकमेचा विमा लागतो, त्याचे अठरा हजार पाचशे. अकराव्या दिवशी सकाळी गाडी टोलनाक्यावर पोलिसांनी अडवली, एवढी रोकड कुणाची म्हणून विचारताहेत, तुमचं नाव सांगितलं आहे, पंचवीस हजार लगेच पाठवा नाहीतर केस तुमच्यावर. हा फोन दुसऱ्याच माणसाचा, दरडावणारा. इथे लाखांचं आमिष संपलं होतं आणि धाक सुरू झाला होता. ते पंचवीस हजार मामांनी सुनेच्या बचत गटातून उचलले.

आठशे पन्नास, पाच हजार एकशे पन्नास, बारा हजार पाचशे, अठरा हजार पाचशे, पंचवीस हजार. बेरीज करून पाहा.

मी मामांना एकच विचारलं, "अठ्ठावीस लाखांतूनच फी कापून घ्या, असं म्हणाला नाहीत का?" म्हणाले होते. पहिल्याच दिवशी म्हणाले होते. उत्तर आलं, "रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पेमेंटमधून कापता येत नाही." बँकेत एकतीस वर्षं काढलेला माणूस हे वाचून टेबलावर डोकं आपटेल. पण ज्याने आयुष्यभर बँकेच्या काउंटरवर 'नियम आहे' एवढंच ऐकलं, त्याला हे उत्तर अगदी ओळखीचं वाटलं. आमच्या काउंटरचाही यात वाटा आहे, हे मी कबूल करतो.

संभाषणात आणखी एक गोष्ट होती, खरं तर नव्हती. त्या अकरा दिवसांत नोट पाठवा असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

आमच्या छंदात खरा ग्राहक कसा वागतो ते सांगतो. तुम्ही त्याला फोटो पाठवला तर तो किंमत सांगत नाही, प्रश्न विचारतो. दुसरी बाजू दाखवा. कडेचा फोटो आहे का? वजन किती? सालाखाली खूण कुठली? आपल्या टांकसाळी सालाखाली बारीक खूण ठेवतात. मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याची काहीच खूण नाही. एकाच सालाचं एकाच किमतीचं नाणं एका टांकसाळीचं ढिगाने मिळतं आणि दुसरीचं मिळता मिळत नाही, म्हणून हा प्रश्न. नोट असेल तर विचारतो, घडी पडली आहे का, टाचणीचं भोक आहे का, सही कुठल्या गव्हर्नरची. मग म्हणतो, हातात पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. हातात पाहिल्यावर बहुतेक वेळा नाही म्हणतो. मामांच्या 'मॅनेजर साहेबां'नी तीन अंधुक फोटोंवर साडेअठ्ठावीस लाख सांगितले आणि वस्तूचं नावही पुन्हा काढलं नाही. खऱ्या ग्राहकाला नाणं हवं असतं. यांना ते नकोच होतं. मामांनी नोटेऐवजी लाँड्रीच्या पावतीचा फोटो पाठवला असता तरी आकडा तोच आला असता, असं माझं मत आहे.

आता तुमच्या बातम्यांमधल्या त्या वस्तूंकडे येतो. पिढ्यान् पिढ्यांच्या जुन्या वस्तू म्हणून ज्या दाखवल्या जातात, त्या मी कॅश काउंटरवर हाताळलेल्या आहेत.

७८६ घ्या. नोटेवर अंक-अक्षरांचा उपसर्ग आणि पुढे सहा आकडे असतात. एका उपसर्गाच्या पूर्ण मालिकेत दहा लाख नोटा धरा. सहा आकड्यांत ७८६ हे तीन आकडे सलग चार जागी बसू शकतात, आणि प्रत्येक जागी उरलेल्या तीन आकड्यांचे हजार प्रकार होतात. म्हणजे चार हजार. त्यातली ७८६७८६ ही नोट दोनदा मोजली गेली, ती एकदा वजा करा. राहिल्या तीन हजार नऊशे नव्व्याण्णव. दर दहा लाखांत जवळजवळ चार हजार, म्हणजे अडीचशे नोटांमागे एक. शंभर नोटांचं पाकीट, दहा पाकिटांचं बंडल, आणि दर बंडलात सरासरी चार नोटा ७८६ च्या. दिवसाला किती बंडलं आमच्या हाताखालून जात असतील, याचा तुम्हीच अंदाज करा. ज्यांना हा आकडा शुभ वाटतो ते अशा नोटेला थोडं वर देतात, त्यात गैर काही नाही. एखाद्याला ०००७८६ हवी असते, ती मालिकेत एकच असते, तिला आणखी थोडं जास्त मिळतं. पण अडीचशेत एक निघणाऱ्या वस्तूला कुणी लाखो रुपये का देईल, हा प्रश्न ती बातमी लिहिणाऱ्याने स्वतःला विचारायला हवा होता.

ट्रॅक्टरची पाचाची नोट अजून चलनात आहे. मी दुकानात दिली तर दुकानदार कुरकुर करेल, पण ती पाच रुपयेच आहे. वापरलेली, मळलेली नोट आमच्या नाणी जमवणाऱ्यांच्या साप्ताहिक बैठकीत दहा-वीस रुपयांना कुणी नव्या पोराला देतो, तीही हौसेखातर. वैष्णोदेवीचं नाणं २०१२ सालचं. श्राइन बोर्डाला पंचवीस वर्षं झाली म्हणून पाच आणि दहा रुपयांची काढली आणि सरळ व्यवहारात सोडली. गेंड्याचं चित्र असलेले पंचवीस पैसे ३० जून २०११ पासून चलनातून गेले, पण ते एवढे पाडले होते की आजही घराघरांत डब्याच्या तळाशी सापडतात. दोन-पाच रुपयांच्या वर त्याला मी कधी कुणाला मोजताना पाहिलं नाही.

मग लाखो रुपये हा आकडा आला कुठून? हे मला माझ्या भाच्याकडून कळलं. तो दोन वर्षं अशाच एका वेबसाइटवर काम करत होता. दिवसाला ठरावीक बातम्या द्याव्याच लागत. हिंदी साइटवरची बातमी समोर ठेवायची, पंधरा मिनिटांत मराठी करायची, फोटो लावायचा. आणि हिंदीवाल्याने आकडा कुठून घेतला? जुन्या वस्तू विकायच्या एखाद्या साइटवर कुणीतरी आपल्या नोटेसमोर पाच लाख लिहून ठेवले होते, तिथून. त्या साइटवर कुणीही काहीही लिहू शकतो. आमच्या बाजारात एखाद्याने आपल्या म्हशीची किंमत पन्नास लाख सांगितली म्हणून म्हशीचा भाव पन्नास लाख होत नाही. सौदा कितीला तुटला हे बघावं लागतं. बातमीत छापलेला भाव हा मागितलेला भाव होता, मिळालेला नव्हता, आणि तो फरक कुठेच लिहिलेला नव्हता.

तुम्ही म्हणाल, आम्ही फी भरा असं कुठे लिहिलं? नाही लिहिलं. पण ठगाचं निम्मं काम तुम्ही करून ठेवलं होतं. अनोळखी माणसाने फोन करून 'तुमच्या नोटेचे पाच लाख देतो' म्हटलं असतं तर मामांनी फोन ठेवला असता. त्यांना तो आकडा आधी बातमीत दिसला होता. 'नोंदणी करा' हा शब्दही तुमच्याच बातमीतला, त्यामुळे नोंदणीची फी मागितल्यावर त्यांना काही वावगं वाटलं नाही. आणि 'ग्राहक स्वतः फोन करतील' हेही तुम्हीच सांगितलं होतं. फोन आला.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी याबद्दल पत्रक काढलं होतं. काही लोक बँकेचं नाव आणि चिन्ह वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी शुल्क, कमिशन, कर मागत आहेत. बँक अशा व्यवहारात नाही, कुठलंही शुल्क घेत नाही, आणि तिच्या वतीने ते घेण्याचा अधिकार कुणालाही दिलेला नाही, असा त्याचा मजकूर. त्या पत्रकाची बातमी तुमच्यापैकी अनेकांनी लावली होती, मी वाचली होती. त्यानंतरही लाखोंच्या बातम्या येतच राहिल्या. काहींनी एक सोय केली, बातमीच्या अगदी तळाशी एक ओळ टाकली की आम्ही या दाव्याची पुष्टी करत नाही. मामांच्या नातवाने मथळा वाचला, वरच्या चार ओळी वाचल्या. तळापर्यंत कुणी जात नाही, हे तुमच्या कचेरीत सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

जुन्या नाण्यांना किंमत नसते, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं खोटं ठरेल. राणी व्हिक्टोरियाचा चांदीचा रुपया, अकरा ग्रॅमच्या थोडा वर भरणारा, त्यात चांदीचीच किंमत आहे. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया, ज्यावरच्या हत्तीला लोक डुक्कर म्हणाले आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला, तो आजही मागितला जातो. १९१८ साली अडीच रुपयांची नोट निघाली होती, ती कुणाच्या घरात निघाली तर मी स्वतः जाऊन पाया पडेन. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही ढिगाने आहेत. शिवरायांच्या नावाची तांब्याची शिवराई मात्र इतक्या वर्षांत, इतक्या टांकसाळींतून निघाली की साधी शिवराई काही फार महाग नाही. सोन्याचा होन मिळणं ही वेगळीच गोष्ट. वाचकांना खरंच जुन्या नाण्यांची गोडी लावायची असेल तर एवढं सगळं पडलं आहे लिहायला. अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, नाशिकहून अर्ध्या तासावर. मुंबईत फोर्टात रिझर्व्ह बँकेचं चलनाचं संग्रहालय आहे. एक पोरगं पाठवा, दिवसभर फिरू द्या.

एक आडवळण घेतो, कारण तेही तुमच्या बातम्यांत दिसतं. राम दरबाराचं किंवा हनुमानाचं चित्र, मागे 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि साल १८१८, असं पितळी-तांब्याचं नाणं. हे घेऊन वर्षाला दोन-तीन जण तरी माझ्याकडे येतात. कुणी म्हणतं ते चुंबकासारखं तांदूळ ओढतं, कुणी म्हणतं परदेशी कंपनी कोटींत घेते. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. सगळ्या मुलखासाठी एकसारखी नाणी कंपनीने १८३५ पासून सुरू केली, आणि त्यांतल्या रुपयावर आधी राजाचा, मग राणीचा मुखडा आहे. रामाचं चित्र असलेली ही नाणी देवळाबाहेर पूजेसाठी विकली जातात. त्यांच्या नावाने ठगणारे नोंदणी फीच्या पुढे 'टेस्टिंग'ची फी मागतात, शास्त्रज्ञाला आणायचा खर्च मागतात, आणि तिथे आकडे हजारांत राहत नाहीत. त्या जाळ्यात अडकलेल्या एका कुटुंबाने शेत विकलेलं मी पाहिलं आहे. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

खरी विक्री कशी होते तेही थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या बातमीत ते कधी नसतं. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा धंदा करायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे परवाना लागतो. परवाना असलेले व्यापारी आणि लिलाव करणारे मुंबईत आहेत. तुम्ही नाणं घेऊन जाता, ते पाहतात, पावती देऊन ठेवून घेतात, यादीत छापतात, लिलाव होतो. विकलं गेलं तर त्यांचं कमिशन विक्रीच्या रकमेतून कापलं जातं आणि उरलेली रक्कम तुमच्या खात्यात येते. विकलं गेलं नाही तर नाणं परत. आधी पैसे कुठेच मागत नाहीत असं मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही. नाणं अस्सल आहे का आणि कुठल्या प्रतीचं, हे तपासून सीलबंद करून देणाऱ्या संस्था त्याची फी घेतात. पण तिथे नाणं त्यांच्या हातात द्यावं लागतं, आणि तपासणारा कधी सांगत नाही की याचे इतके लाख मिळतील.

रोख रकमेच्या गाडीबद्दल एवढंच, की एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानेच मनाई आहे. गाडीभर नोटा घेऊन तुमच्या दारात येणारा ग्राहक खरा असला तरी ते पैसे घेणं तुम्हालाच महागात पडेल. आणि जीएसटी, विमा, ना-हरकत पत्र अशा नावांनी मामांनी जे पाठवलं ते दर वेळी वेगळ्या माणसाच्या यूपीआयवर गेलं. पाच वेळा पाच नावं. पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर नाव दिसतं. तिथे रिझर्व्ह बँक नव्हती, विमा कंपनी नव्हती, कुणा साध्या माणसाचं नाव होतं. ती खाती भाड्याने घेतलेली असतात, काही हजारांसाठी कुणीतरी आपलं पासबुक आणि सिमकार्ड देऊन मोकळा झालेला असतो. हे मी मामांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "मला वाटलं तो त्यांचा कॅशियर असेल." मी गप्प बसलो.

त्या दुपारी आम्ही आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरावर फोन लावला, मग cybercrime.gov.in वर तक्रार भरली. पाचही व्यवहारांचे क्रमांक लागले. बँकेच्या मेसेजमध्ये ते असतात, म्हणून मेसेज पुसायचे नाहीत. संभाषणाचे फोटो काढून ठेवले, तो नंबर लगेच ब्लॉक करायच्या आधी. जुने चार व्यवहार केव्हाच पुढे पुढे जाऊन काढले गेले होते. सकाळचे पंचवीस हजार मात्र सहा तासांचेच होते, त्यातले अकरा हजार एका खात्यात सापडले आणि तिथे रोखून धरले गेले. रोखले म्हणजे मिळाले नाहीत. ते सोडवायला आम्हाला कोर्टाचा आदेश मागावा लागला, तो कागद अजून फिरतो आहे. आदल्या दिवशी आले असते तर, हा विचार करायचा नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. आधार आणि पासबुकाचे फोटो गेले होते, म्हणून बँकेत जाऊन सांगितलं आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं.

तीन आठवड्यांनी मामांना पुन्हा फोन आला. या वेळी 'सायबर विभागातून'. तुमचे बासष्ट हजार सापडले आहेत, परत पाठवण्यासाठी दोन हजारांची फाइल फी भरा. ज्यांनी लुबाडलं त्यांच्याच यादीवर हा दुसरा धंदा चालतो, कारण बासष्ट हजार हा अचूक आकडा आणखी कुणाला ठाऊक असणार? मामांनी फोन माझ्याकडे दिला. मी त्याला म्हटलं, बासष्ट हजारांतून दोन हजार कापून साठ पाठवा. फोन बंद झाला.

आता तुमच्याकडे काय मागायचं ते मागतो. नव्या बातम्यांबद्दल मी फार बोलत नाही, कोटा आहे, मालक आहे, मला कळतं. पण कुणी 'या नोटेला इतके लाख' असं लिहून आणलं तर त्याला एवढं विचारा: विकली गेली का, कुठल्या लिलावात, कधी, कितीला. उत्तर नसेल तर आकडा काढून टाका. आकड्याशिवाय बातमी उरत नसेल तर ती बातमी नव्हती. 'नोंदणी कशी करावी' हा परिच्छेद तर काहीही झालं तरी नको.

माझी मुख्य मागणी जुन्या बातम्यांची आहे. वर्तमानपत्रातली चुकीची बातमी दुसऱ्या दिवशी भेळेच्या पुडीत जाते. तुमची तशी जात नाही. तीन-चार वर्षांपूर्वी पंधरा मिनिटांत केलेलं भाषांतर आजही तिथेच आहे, आणि खेड्यातला एखादा नातू 'ट्रॅक्टरची नोट' असं टाइप करतो तेव्हा तेच पहिलं वर येतं. त्या बातम्या काढून टाका. काढायच्या नसतील तर मथळ्याच्या जागीच लिहा की हा दावा खोटा आहे आणि आगाऊ पैसे मागणारा ठग आहे. तळाशी नको. आणि त्या पानांवर खाली ज्या जाहिराती येतात त्या एकदा स्वतःच्या मोबाइलवर उघडून बघा. मामांच्या मोबाइलवर त्या बातमीखाली 'पुराने सिक्के बेचें' अशी जाहिरात होती. तुमच्या कचेरीतल्या कॉम्प्युटरवर कदाचित दुसरीच दिसत असेल.

मामांची ती नोट आता माझ्याकडे आहे. त्यांना ती घरात नको होती. मी वीस रुपये दिले, त्यांनी पाचच घेतले.

त्या बातमीची लिंक मी इथे देत नाही, कारण ती एकाच वेबसाइटवर नाही. तुमच्या साइटवरच्या शोधाच्या चौकटीत 'पाच रुपयांची नोट' एवढं टाइप करून बघा.

आपला,
एक निवृत्त कॅशियर, नाशिक